पावतीवांचून भाडें

पावती ही पैसे देणाराच्या उपयोगाची वस्तु आहे, असा एक समज आपल्या लोकांत रूढ झालेला आहे. घेणाराच्या हातीं रोकड पडली कीं त्याचें काम संपलें. कागदाची काळजी ज्यानें पैसे दिले त्यानें करावी. घरभाड्याच्या व्यवहारांत हा समज विशेषच दृढ दिसतो, आणि पावती न देणारा घरमालक आपण कांहीं गमावीत आहों असें मनांतहि आणीत नाहीं. आमच्या शेजारीं घडलेली जी हकीकत आम्ही सांगणार आहों तिच्यांत गमावणारा घरमालकच होता. त्यांस सारी आळी नाना म्हणून ओळखते. येथेंहि तेवढेंच नांव पुरे. हकीकत त्यांच्या संमतीनें लिहीत आहों.

नानांचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंतलें, दुमजली. वर नाना राहतात. खालच्या दोन खोल्या व मागची पडवी त्यांच्या वडिलांनीं १९८१ सालीं एका पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थास भाड्यानें दिली. वडिलांचें पावतीपुस्तक आम्हीं पाहिलें आहे. प्रत्येक पानाचे दोन भाग, मध्यें भोकांची रेघ. उजवा भाग फाडून भाडेकरूस द्यावयाचा, डावा पुस्तकांत राहावयाचा. दोहोंवर मजकूर एकच: अमुक यांजकडून, माहे अमुकचें भाडें, रुपये इतके, रोख पोंचले, खालीं तारीख व सही. वडिलांच्या पश्चात् नानांनींहि हा क्रम कांहीं वर्षें चालविला. २००४ सालीं मात्र तो एकाएकीं बंद पडला, आणि तो आळसामुळें नव्हे, तर एका सल्ल्यामुळें.

त्या वर्षीं बाइंडर वारले. त्यांची पत्नी व मुलगा त्यांच्याबरोबरच राहात होतीं, तीं तशींच राहिलीं. पुढील महिन्याची पावती लिहावयास नाना बसले आणि ‘यांजकडून’ या शब्दापाशीं अडले. नांव कोणाचें घालावें? आळींतल्या एका अनुभवी म्हणविणाऱ्या गृहस्थांनीं सांगितलें, ‘‘नाना, मुलाच्या नांवाची पावती फाडूं नका. एकदां फाडलीत कीं तो कायम भाडेकरू झाला समजा. पैसे घ्या, कागद देऊं नका.’’ हा सल्ला पुण्यामुंबईच्या किती घरमालकांनीं मानला असेल याची गणना नाहीं. तो ऐकावयास मोठा धूर्त वाटतो, परंतु त्यांत कायद्याचें अज्ञानच भरलेलें आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यांत भाडेकरू या शब्दाची जी व्याख्या आहे तीप्रमाणें राहण्याच्या जागेचा भाडेकरू मरण पावला असतां, मृत्यूच्या वेळीं त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय हाच पुढें भाडेकरू ठरतो. मुलाचा हक्क तेथें राहण्यांतून उत्पन्न झालेला होता. पावतीनें तो वाढत नव्हता आणि पावती रोखल्यानें कमीहि होत नव्हता. उलट त्याच अधिनियमाच्या २६ व्या कलमानें मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणें घरमालकावर बंधनकारक आहे, आणि न दिल्यास दर दिवसामागें शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. नानांनीं जें रोखून धरलें त्यानें भाडेकरूचें कांहीं अडलें नाहीं. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाचा डावा भाग मात्र कोरा राहिला.

त्यानंतर बारा वर्षें व्यवहार तोंडी चालला. मुलगा बापाचाच धंदा करी. शाळा सुरू होण्याच्या व हिशेबवर्ष संपण्याच्या सुमारास त्याच्याकडे काम असे, एरवीं नसे. त्यामुळें भाडें दरमहा न येतां कधीं चार हजार, कधीं सहा हजार, असें येई. तो जिना चढून येई, नोटा नानांच्या हातावर ठेवी आणि चहा घेऊन जाई. नाना मागून दिवाणखान्यांतल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनांत ‘४०००’ असा आंकडा टाकीत. रक्कम कोणत्या महिन्याची हें लिहिण्याचें त्यांस कधीं सुचलें नाहीं. आमच्या मतें सर्व अनर्थाचें बीज येथें आहे. पैसे पोंचले कीं नाहीं हा वाद घरभाड्यांत वाटतो तितका वारंवार होत नाहीं; पोंचलेले पैसे कोठवरचे, हा वाद होतो. महिनोमहिन्यांचें भाडें ही एक रांग आहे. मध्यें एखादी रक्कम मोजावयाची राहिली, तर तिच्या मागचे सारे महिने एकेक पाऊल मागें सरकतात, आणि ती रक्कम ज्या वर्षीं सुटली त्या वर्षीं नव्हे तर रांगेच्या शेवटीं, कित्येक वर्षांनीं, थकबाकी म्हणून दिसूं लागते.

नानांच्या बाबतींत ती दिसली २०१६ च्या नोव्हेंबरांत. त्या महिन्याच्या ८ तारखेस पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली, आणि दोनच दिवसांनीं मुलगा पांचशेंच्या सोळा नोटा घेऊन वर आला. म्हणाला, ‘‘नाना, या महिन्याअखेरचे चार महिने राहिले आहेत, तेवढे घ्या. तुम्हांस बँकेत भरतां येतील.’’ नाना म्हणाले, ‘‘अरे, चार कसले? माझ्या हिशेबानें पंधरा आहेत. आणि या नोटा तूंच तुझ्या बँकेत भर.’’ दोघेहि खरें बोलत होते, निदान दोघांचीहि तशी खात्री होती. नोटा परत गेल्या. त्याबरोबर चहाहि गेला.

हिशेब आम्हीं स्वतः मांडून पाहिला, कारण नानांनीं तीं जुनीं दिनदर्शिकांचीं भेंडोळीं आमच्याकडेच आणून टाकलीं. मार्च २०१२ अखेर कांहीं बाकी नव्हती हें दोघांसहि मान्य होतें, आणि एप्रिल २०१२ पासून भाडें दरमहा दोन हजार हेंहि मान्य होतें. तेथून डिसेंबर २०१६ अखेर सत्तावन्न महिने, म्हणजे १,१४,००० रुपये. दिनदर्शिकांवरील आंकड्यांची बेरीज ८२,००० भरली. बाकी ३२,०००, म्हणजे सोळा महिने. मुलाच्या म्हणण्याप्रमाणें डिसेंबरअखेर बाकी पांच महिन्यांची, म्हणजे दहा हजारांची. अंतर बावीस हजारांचें. आणि त्याचे दोनच तुकडे होते. मे २०१३ मध्यें पावसाळ्यापूर्वीं मागच्या पडवीचे कुजलेले वासे व कौलें मुलानें आपल्या खर्चानें बदललीं. त्यास बारा हजार लागले, व ते भाड्यांत वळते करण्यास नानांनीं जिन्यांत उभ्याउभ्यां होकार दिला होता असें तो म्हणे. नानांस कौलें बदललेलीं आठवत होतीं, होकार आठवत नव्हता. दुसरा तुकडा दहा हजारांचा. मे २०१४ मध्यें नाना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं मुंबईस लेकाकडे होते, तेव्हां ती रक्कम आपण वहिनींच्या हातीं दिली, असें त्याचें सांगणें. वहिनी २०१५ सालीं वारल्या. हें दुसरें म्हणणें नानांच्या जिव्हारीं लागलें. ‘‘मेलेल्या माणसाची साक्ष काढतो,’’ असें ते आम्हांस दोन दोनदां म्हणाले, आणि तडजोडीची गोष्ट त्या दिवसापासून मागें पडली.

वकिलांनीं जानेवारी २०१७ मध्यें नोटीस दिली. थकबाकीसाठीं जागा परत मागावयाची तर १५ व्या कलमाप्रमाणें आधीं लेखी मागणी करावी लागते, आणि ती पोंचल्यापासून नव्वद दिवस लोटल्यावांचून दावा लावतां येत नाहीं. मुलाचें उत्तर आलें, सोबत दहा हजारांचा धनादेश. नानांनीं रागाच्या भरांत वकिलांस न विचारतां तो परत पाठविला. वकील हळहळले. आपले सर्व हक्क राखून ही रक्कम घेत आहों, एवढी एक ओळ लिहून तो वटवितां आला असता. परत केल्यानें भाडेकरू पैसे देण्यास तयार होता आणि मालकानेंच ते नाकारले, असें चित्र कागदोपत्रीं उभें राहिलें. जूनमध्यें लघुवाद न्यायालयांत दावा दाखल झाला.

येथें कायद्याची जी तरतूद आहे ती पुष्कळ घरमालकांस ठाऊक नसते. समन्स लागल्यापासून नव्वद दिवसांच्या आंत भाडेकरूनें सर्व थकबाकी, तीवर दरसाल दरशेंकडा पंधराप्रमाणें सरळ व्याज, हें न्यायालयांत भरलें, पुढील भाडें नियमानें भरीत राहिला व न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्यास घराबाहेर काढण्याचा हुकूमनामा होत नाहीं. दोन हजारांच्या एका महिन्यावर हें व्याज वर्षास तीनशें रुपये होतें. तेवढ्यानें छप्पर वांचत असेल तर कोणता शहाणा वकील भरूं नको म्हणेल? मुलानें कर्ज काढून बत्तीस हजार व व्याज भरलें. रक्कम मान्य नाहीं, हरकत राखून भरीत आहों, असें त्यानें लिहून दिलें. जागा मिळण्याची नानांची आशा त्या दिवशीं संपली. उरला तो बावीस हजारांचा वाद, आणि त्यासाठीं पुढील दीड वर्ष.

कायद्याची बाजू आपली आहे, असें नानांस तरीहि वाटत होतें, आणि तें सर्वस्वीं चूक नव्हतें. पैसे दिले असें जो म्हणतो त्यानेंच तें शाबीत करावयाचें. १८७२ चा पुरावा अधिनियम त्या वेळीं अमलांत होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली आहे, परंतु हें तत्त्व तसेंच आहे. भाडेकरूजवळ दहा हजारांची पावती नाहीं, साक्षीदार नाहीं. मग शाबीत काय करणार? कौलांच्या बाबतींत तर नानांचा पक्ष अधिकच बळकट होता. भाडेकरूस दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यांत वळता करतां येतो हें खरें. पण त्याकरितां आधीं मालकास निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि एका वर्षांत वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असूं शकत नाहीं. चोवीस हजारांचा चौथा हिस्सा सहा हजार. नोटीस तर मुळांतच नव्हती.

परंतु उलटतपासणींत हा सर्व डोलारा तीन प्रश्नांनीं खालीं आला. आम्ही त्या दिवशीं न्यायालयांत मागच्या बाकावर बसलों होतों. भाडेकरूच्या वकिलांनीं आवाज न चढवितां विचारलें, ‘‘आपण शेवटची पावती केव्हां दिलीत?’’ ‘‘२००४ सालीं.’’ ‘‘त्यानंतर भाडें मिळालें कीं नाहीं?’’ ‘‘मिळालें.’’ ‘‘म्हणजे आपल्या घरीं पावती नसली तरी पैसे पोंचलेले असतात.’’ नाना गप्प राहिले. खरोखर या प्रश्नाला उत्तर नाहीं. जेथें दरमहा पावती देण्याचा रिवाज आहे तेथेंच पावतीचा अभाव बोलतो. मधल्या एखाद्या महिन्याचें पान कोरें असेल तर तो महिना राहिला असें कोणीहि म्हणेल. जेथें सारेंच पुस्तक कोरें, तेथें एका कोऱ्या पानाला अर्थ काय? आणि दिनदर्शिकेवरचे आंकडे नानांनीं स्वतःच, भाडेकरूच्या पाठीमागें, त्याच्या सहीवांचून टाकलेले. त्यांनीं फार तर एवढें दिसलें असतें कीं लिहिलेली रक्कम पोंचली. न लिहिलेली पोंचली नाहीं हें त्यांवरून कसें दिसणार?

महिना न लिहिण्याचेंहि फळ त्याच दिवशीं मिळालें. आमची चालू थकबाकी आम्ही वेळोवेळीं चुकती करीत आलों, असें भाडेकरूच्या कैफियतींत होतें. रक्कम कोणत्या देण्यापोटीं धरावयाची याचा नियम १८७२ च्या करार अधिनियमांत आहे. देणारानें देतांना सांगितलें असेल तर त्याप्रमाणें. त्यानें न सांगितल्यास घेणारा ठरवील त्याप्रमाणें. दोघांनींहि न ठरविल्यास जुन्या देण्यापासून क्रमानें. नानांस ठरविण्याची संधि बारा वर्षें दर खेपेस होती, आणि तिच्यासाठीं दिनदर्शिकेच्या चौकोनांत दोन अक्षरांची जागाहि होती.

निकाल काय लागला असता हें आम्ही सांगूं शकत नाहीं, कारण तो लागलाच नाहीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत नानांची सून स्वयंपाकघराचा माळा आवरीत होती. तेथें जुन्या दिनदर्शिकांचा दुसरा एक गठ्ठा निघाला. पानांच्या पाठीमागें छापलेल्या पाककृतींसाठीं वहिनींनीं त्या जपून ठेवल्या होत्या. दिवाणखान्यांतली दिनदर्शिका नानांची आणि स्वयंपाकघरांतली वहिनींची, हें त्या घरांत इतकें स्वाभाविक होतें कीं दुसरी पाहावी असें कोणाच्याच मनांत आलें नव्हतें, आमच्याहि नाहीं. २०१४ च्या मे महिन्याच्या पानावर दुधाच्या दीड लिटरांच्या ओळींत, एका चौकोनांत बारीक अक्षरांनीं लिहिलें होतें: ‘खालून १०’.

नाना तें पान घेऊन रात्रीं आमच्याकडे आले. बराच वेळ त्यांनीं तें टेबलावर पसरून ठेवलें. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं वकिलांस दाखविल्यावांचून कांहीं करूं नये. वकिलांनीं दुसऱ्या दिवशीं स्पष्ट सांगितलें कीं यांत रुपये हा शब्द नाहीं, भाडें हा शब्द नाहीं. दहा काय, दहा आंबे कीं दहा हजार, हें कोणीहि सांगूं शकणार नाहीं, व हा कागद हजर करण्यास आपणांस कोणी भाग पाडलेलें नाहीं. वकील आपलें काम चोख करीत होते. नाना म्हणाले, ‘‘अक्षर तिचें आहे. खालून आंबे आले तर ती आंबे लिहीत असे.’’ आणि ते उठले. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे त्यांतला पुष्कळसा त्या एका वाक्याचा आहे.

त्यानंतर तडजोड होण्यास तीन आठवडे लागले. दहा हजार मिळाले असें नानांनीं लिहून दिलें. कौलांचे बारा हजार अर्धे अर्धे करावे असें मुलाच्याच बाजूनें सुचविण्यांत आलें; बिनशर्त मागण्याचा अधिकार आपणांस नाहीं, हें त्याच्या वकिलांस कळत होतें. बत्तिसांतून सोळा गेले, सोळा राहिले. व्याज नानांनीं सोडलें, खर्च ज्याचा त्यानें सोसला. न्यायालयांतून सोळा हजार नानांनीं उचलले, बाकीचे मुलानें. आणि तडजोडीप्रमाणें हुकूमनामा झाला. दोन्ही बाजूंच्या वकिलांचें शुल्क मिळवून पाहिलें तर तें वादाच्या रकमेहून अधिक भरलें. पण हा जमाखर्च आम्ही नानांपुढें मांडला नाहीं.

भाडें आतां बँकेमार्फत येतें. मुलगा आपल्या फोनवरून रक्कम पाठवितो, नानांच्या फोनवर संदेश वाजतो. बँकेच्या उताऱ्यावर तारीख येते, रक्कम येते, पाठविणाराचें नांव येतें; महिना मात्र पाठविणारानें मुद्दाम लिहिला तरच येतो. पहिल्या दोन खेपांस त्यानें तो लिहिला नाहीं. तेव्हां नानांनीं वडिलांच्या धर्तीवर नवें पावतीपुस्तक आणविलें, आणि बँकेंत पैसे आले तरी पावती फाडावयाची असा परिपाठ ठेवला. रोख हा शब्द खोडून ते बँकेमार्फत असें लिहितात, आणि उजवा भाग नातवाबरोबर खालीं पाठवितात. मुलगा वर येत नाहीं. त्याची म्हातारी आई मात्र संक्रांतीस वर आली होती, तिळगूळ घेऊन.

पहिली पावती लिहितांना नानांनीं आम्हांस बोलाविलें होतें. पंधरा वर्षांपूर्वीं ज्या शब्दापाशीं ते अडले होते तेथें या वेळीं त्यांनीं मुलाचें पूर्ण नांव, बापाच्या नांवासकट, वळणदार अक्षरांत लिहिलें. मग ‘माहे’ या शब्दापुढें महिना लिहून, शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडें ठेवून, त्यांनीं डाव्या भागावर तोच मजकूर उतरून घेतला.